एका किलोचा हिशेब

क्लाइंबिंग वॉलखाली चॉक चोळत बसलेल्या पोरांत क्रिएटिनचा विषय निघाला की ताकदीपेक्षा वजनाचीच चर्चा जास्त होते. बारबेल उचलणाऱ्याला किलोभर वाढलेलं चालतं, पण कड्यावर किंवा रिंग्जवर उचलायचं ओझं म्हणजे आपलंच शरीर.

हे वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. स्नायूंत क्रिएटिन साठतं तेव्हा ते पाणीही आत ओढून घेतं. डब्यावर लिहिलेला ‘लोडिंग’चा डोस, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम असे पाच-सहा दिवस, घेतला तर आठवड्यातच काटा एक-दीड किलो पुढे सरकू शकतो. पण लोडिंगची सक्ती नाही. रोज 3 ग्रॅम घेतलं तरी साधारण चार आठवड्यांत स्नायूंतला साठा तितकाच भरतो, आणि शरीराला सवय व्हायला सवड मिळते.

बदल्यात मिळतं काय? जोर लावताना पहिल्या काही सेकंदांत खर्च होणारी ऊर्जा हा साठा लगेच भरून काढतो. त्यामुळे बोल्डरवरची अवघड झेप, व्हॉल्टची उडी, रिंग्जवरचा जोर अशा छोट्या, तीव्र आणि पुन्हापुन्हा कराव्या लागणाऱ्या कामांत फायदा दिसण्याची शक्यता जास्त. सलग पंधरा मिनिटं चढायच्या लांब रूटवर तो फारसा नाही.

आता हिशेब. समजा, 60 किलोची क्लाइंबर 20 मिलिमीटरच्या कडेला, कमरेला 20 किलो बांधून दहा सेकंद लटकते. बोटांवर एकूण 80 किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 1.33 पट. महिन्यानं ती 61 किलोची झाली, तर तेच प्रमाण राखायला एकूण 81.3 किलो पेलले पाहिजेत. म्हणजे कमरेला सुमारे 20.3 किलो. तिनं 22 किलो पेलले, तर प्रमाण 1.36 होतं आणि सौदा फायद्याचा ठरतो. 20 वरच अडकली, तर तोट्याचा.

मोजणी मात्र प्रामाणिक हवी: तीच कडा, तीच पकड, आधी तितकीच विश्रांती. मुंबईच्या दमट हवेत घामट बोटांनी एखादा किलो इकडेतिकडे सहज होतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तीन-तीन दिवसांच्या नोंदी घ्याव्यात. प्रयोग स्पर्धेच्या तोंडावर नको. बंद केल्यावर साठा पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

शाकाहाऱ्यांना फरक अधिक जाणवू शकतो, कारण क्रिएटिन मांस-मासळीतून येतं, डाळ-भातातून नाही. उलट काहींचा साठा मुळातच भरलेला असतो. त्यांना वजनही वाढत नाही नि ताकदही. वाढत्या वयाच्या जिम्नॅस्ट मुलींनी मात्र काट्याच्या धास्तीनं जेवण तोडू नये. किलोभर पाण्यापेक्षा ते कितीतरी महागात पडतं. आणि रक्ततपासणीला जाताना क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं. त्यानं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढतो, आणि मूत्रपिंडं ठणठणीत असूनही रिपोर्ट पाहून घरचे घाबरतात. मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये.