कापलेल्या कडेचे सूर

एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. पाच-पाच आडव्या रेघांवर मांडलेले ठिपके, म्हणजे पाश्चात्य स्वरलेखनाचे पान! सोबत मजकूर होता : ‘सर, हे पेटीवर वाजवायला मदत करा. मला यातले काहीच कळत नाही.’

हे पान म्हणजे खरे तर तुम्ही वहीत काढता तसा आलेखच. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो आणि ठिपका जितका वर, तितका सूर उंच. रेघा खालून वर मोजतात. रेघ, तिच्यावरची मोकळी जागा, पुन्हा रेघ, अशी प्रत्येक पायरी म्हणजे स्वरनामातले पुढचे अक्षर : ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि पुन्हा ए.

त्याच्या पानावर पहिले तीन ठिपके दुसरी रेघ, दुसरी जागा व तिसरी रेघ यांवर होते. पण हे सूर कोणते? छायाचित्राची डावी कड कापली गेली होती आणि आलेखाचे प्रमाण तिथेच लिहिलेले असते!

मी त्याला पूर्ण पानाचे छायाचित्र, बरोबर वरून घेऊन, पुन्हा पाठवायला सांगितले. आता ओळीच्या आरंभी वळणदार ‘ट्रेबल क्लेफ’ दिसला. त्याचे वेटोळे दुसऱ्या रेघेभोवती फिरते आणि ती रेघ ‘जी’ची ठरते. म्हणजे पहिले तीन सूर जी, ए, बी. पेटीवर पांढरी पाच, सहा आणि सात. तिथे ‘बास क्लेफ’ असता, तर त्याच दुसऱ्या रेघेवर खालच्या सप्तकातला बी आला असता. पहिल्याची कंपनसंख्या सेकंदाला 392, दुसऱ्याची सुमारे 123. ठिपका तोच, सूर वेगळा!

सूर किती वेळ धरायचा? या पानावर भरीव ठिपक्याला एक मात्रा, दांडी असलेल्या पोकळ ठिपक्याला दोन. जी एक, ए एक, बी दोन : चार मात्रा झाल्या की उभी रेघ येते. बेरीज जुळली नाही, तर वाचताना कुठेतरी चूक झाली असे समजावे.

पुढचे सूर होते ई, एफ, जी. त्याने तिन्ही पांढऱ्या पट्ट्या दाबल्या आणि कळवले, ‘सर, मधला सूर उतरलेला वाटतो.’ त्याचा कान बरोबर होता. क्लेफशेजारी पाचव्या रेघेवर ‘शार्प’ची छोटी खूण होती. तिचा हुकूम साऱ्या ओळीतल्या प्रत्येक एफला लागू असतो : पांढरी चार सोडा, काळी तीन दाबा. कंपनसंख्या 698 वरून 740 झाली आणि सूर जागेवर बसला.

म्हणून असे पान हाती आले, की आधी ठिपके मोजू नका. डावी कड वाचा.