आंबा पल्पच्या आम्लता टेस्टची एसओपी कशी लिहायची?

रत्नागिरीत हापूसचा पल्प करणारे छोटे युनिट टाकायचं म्हटलं की मशीन, डबे, लायसन्स यांची चौकशी सगळे करतात. पण खरेदीदार पहिल्याच ऑर्डरला विचारतो, "आम्लता किती? आणि तुम्ही ती मोजता कशी?" या दुसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर म्हणजे एसओपी. आज आपण ही एकच टेस्ट घेऊन एसओपी लिहायला शिकू.

टेस्ट सोपी आहे. पल्पमधलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने उदासीन करायचं, आणि किती मिली द्रावण लागलं त्यावरून सायट्रिक आम्लाची टक्केवारी काढायची. यंत्र नाही, सगळं हाताने आणि डोळ्याने. म्हणूनच माणूस बदलला की आकडा बदलतो.

सुरुवातीचे भाग

पहिल्या पानावर टेस्टचं नाव, एसओपी नंबर, आवृत्ती आणि लागू झाल्याची तारीख. मग उद्देश आणि व्याप्ती, प्रत्येकी एक-दोन ओळी. व्याप्तीत स्पष्ट लिहा: "फक्त आंबा पल्पसाठी." कोकम सरबताचा रंगच लाल असतो, त्यात गुलाबी छटा दिसणार नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागेल.

त्यानंतर साहित्य, रसायने आणि सुरक्षितता. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा.

कृती: इथे जागा द्या

"थोडा पल्प घ्या, गुलाबी होईपर्यंत द्रावण टाका" ही एसओपी नव्हे. थोडा म्हणजे किती? गुलाबी म्हणजे कसा? असं लिहा:

१. पल्प नीट ढवळून २५ ग्रॅम वजन करा.
२. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्याने २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये धुऊन घ्या, खुणेपर्यंत भरा, हलवा, गाळा.
३. गाळलेलं ५० मिली पिपेटने घ्या. म्हणजे यात ५ ग्रॅम पल्प आला.
४. फिनॉल्फ्थॅलीनचे ३ थेंब टाका.
५. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल द्रावण सोडा, शेवटी थेंब-थेंब. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा.
६. पुन्हा एकदा करा. दोन रीडिंगमध्ये ०.२ मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा करा.

कारणंही लिहा. पाणी उकळायचं कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही आम्लासारखा वागतो. गाळायचं कारण घट्ट पिवळ्या पल्पमध्ये फिकट गुलाबी दिसतच नाही, माणूस पुढे जातो आणि आकडा वाढतो. कारण माहीत असलं की गडबडीतही पायरी गाळली जात नाही.

गणित

आम्लता % = (मिली × नॉर्मॅलिटी × ६४ × १००) ÷ (पल्पचे ग्रॅम × १०००)

समजा ४.० मिली लागले. ०.१ नॉर्मॅलिटी धरून उत्तर येतं ०.५१. खरेदीदाराची अट "किमान ०.५०" असेल तर लॉट पास.

आता खरी गंमत. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि बाटलीतलं द्रावण हळूहळू कमजोर होतं. बाटलीवर ०.१ लिहिलंय, पण प्रत्यक्षात ०.०९६ उरलंय. त्याच ४.० मिलीचं खरं उत्तर ०.४९. तुमच्याकडे पास, खरेदीदाराच्या लॅबमध्ये नापास, आणि माल परत!

म्हणून एसओपीत लिहा: द्रावण दर आठवड्याला तपासायचं. वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ०.४०८ ग्रॅम पाण्यात विरघळवा. द्रावण बरोबर ०.१ असेल तर २० मिली लागतं. २०.८ लागलं तर नॉर्मॅलिटी २ ÷ २०.८, म्हणजे ०.०९६. हाच आकडा तारखेसह बाटलीवर लिहायचा आणि गणितात वापरायचा.

कोण काय करणार?

इथे माणसांची नावं नको, पदं लिहा. लॅब असिस्टंट टेस्ट करेल आणि रीडिंग लगेच पेनाने रजिस्टरमध्ये लिहील. केमिस्ट द्रावण तपासेल, गणित पडताळेल, सही करेल. उत्पादन सुपरवायझर सही झाल्याशिवाय लॉट हलवणार नाही. मालक एसओपी मंजूर करेल, पण रीडिंग बदलणार नाही. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही.

नापास आला तर? लॉट बाजूला ठेवून लेबल लावा, केमिस्टने नव्या नमुन्यावर टेस्ट करायची. पुन्हा नापास आला तर मालकाने खरेदीदाराला कळवायचं. हेही लिहून ठेवा, नाहीतर सीझनच्या घाईत ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय होतो.

शेवटच्या पानावर बदलांची नोंद: काय बदललं, कधी, कोणी मंजूर केलं.

एसओपी तयार झाली की एकाच डब्यातला पल्प दोघांना द्या, फक्त कागद वाचून टेस्ट करायला सांगा. काही विचारायचं नाही. दोघांच्या उत्तरात ०.०२ पेक्षा जास्त फरक आला, तर कोणत्या पायरीवर दोघांनी वेगळं केलं ते बघा. ती ओळ नव्याने लिहायची आहे.