पिशवी काढण्यापूर्वी

‘अंगावरून फार जाते’ अशी कैफियत घेऊन आलेल्या बाईस ‘मग पिशवीच काढून टाका’ हा निवाडा आपल्याकडे किती सहजतेने ऐकविला जातो, याचा दाखला 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत मिळाला; बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अतिरक्तस्राव हे लक्षण आहे, रोग नव्हे. रक्त कोठून व कशामुळे जाते याचा छडा लागल्यावाचून उपायाचे नाव घेणे हे चौकशीआधी शिक्षा फर्मावण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल 42 वर्षांची एक स्त्री घ्या. दोन मुले, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली, पाळी आठ दिवस चालते, रात्री दोनदा उठून पॅड बदलावे लागते, गुठळ्या पडतात आणि हिमोग्लोबिन 7 वर उतरले आहे. लोहाच्या गोळ्या, स्राव रोखणारी औषधे आणि गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन एवढे रीतसर करूनही गुण आला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. तत्पूर्वी सोनोग्राफी हवी आणि, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, अस्तराचा लहानसा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी.

या बाईच्या गर्भाशयाचा आकार जवळजवळ स्वाभाविक असून आत गाठ नाही आणि अस्तराचा अहवाल निर्दोष आहे, असे समजू. अशा वेळी अस्तर जाळण्याची क्रिया, म्हणजे एंडोमेट्रियल अॅब्लेशन, हा पहिला पर्याय होय. दरमहा गळून पडणारा थर ज्या मूळ थरातून पुन्हा उगवतो, तो मूळ थरच गर्भाशयात फुगविलेल्या फुग्यातील उष्ण द्रवाने किंवा विद्युत्‌लहरींच्या जाळीने काही मिनिटांत नष्ट केला जातो. पोटावर छेद नाही आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. कित्येकींची पाळी थांबते, पुष्कळ जणींची सुसह्य होते. मात्र साधारण पाचातील एकीला काही वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि वय चाळिशीच्या आत असल्यास हे प्रमाण वाढते. ज्यांना पुढे मूल हवे त्यांनी हा मार्ग धरू नये, कारण जळालेल्या अस्तरावर गर्भ राहू शकतो, पण तो मातेला धोक्याचा ठरतो. नसबंदी झालेल्या बाईने आणखी एक गोष्ट विचारावी. कोपऱ्यात अस्तराचा अंश उरला, खाली व्रणाने वाट बुजली आणि वर नळ्या बांधलेल्या असल्या, तर रक्त आतच कोंडते. बाहेर स्राव नसताना दरमहा एका कुशीत कळ येऊ लागली, तर हेच घडले असल्याची शंका घ्यावी.

आता तिच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत सात सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली आणि तिने आतील पोकळी वाकडी केली असे माना. मग अस्तर जाळून उपयोग नाही, गाठीचाच रसद‑मार्ग तोडावयास हवा. 1995 साली पॅरिसच्या रविना व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली: गाठ काढताना रक्त कमी जावे म्हणून आधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करीत असता, कित्येक रुग्णांना पुढे शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. जांघेतील अथवा मनगटातील धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेऊन वाळूच्या कणांसारखे कण सोडतात. गाठ उपासमारीने आकसते, निरोगी स्नायू मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त मिळवून तगतो. पहिल्या रात्री पोटात तीव्र वेदना होतात आणि त्यांची तजवीज आधी करावी लागते. काही आठवड्यांनी ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव आल्यास संसर्ग समजून त्वरित परतावे. ज्यांना अजून मूल हवे त्यांना साधारणतः गाठ काढण्याची शस्त्रक्रियाच सुचविली जाते.

आणि अस्तराच्या अहवालात कर्करोग अथवा त्याची पूर्वचिन्हे आढळली, गाठींनी पोट भरले, किंवा गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरून पाळी असह्य वेदनांची झाली आणि बाकी उपाय हरले, तर गर्भाशय काढणे हाच खात्रीचा मार्ग होय. रक्तस्राव कायमचा थांबविण्याची हमी याच शस्त्रक्रियेत मिळते, आणि विचारपूर्वक निवडल्यास ती बाईला मोठा दिलासा देते. परंतु ती मोठी शस्त्रक्रिया आहे, अनेक आठवडे ओझे उचलता येत नाही, आणि अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी अस्तर‑तपासणीचा कागद स्वतः पाहावा आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे त्या पत्रावर स्पष्ट लिहवून घ्यावे.