चिंतेचे सिग्नल आणि सातारा ते सांगलीची स्थानके

भीतीमागचा विचार तपासायचा आणि भीतीच्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरे जायचे, ही बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी) पद्धत १९६०च्या दशकात आरन बेक यांनी अमेरिकेत मुख्यतः प्रौढांसाठी बांधली. तिची सारी मदार मनातले शब्दांत सांगता येण्यावर असल्याने, ‘तुला काय वाटते?’ या प्रश्नावर गप्प होणाऱ्या स्वमग्न मुलाशी ती सहजी जुळली नाही. सोफ्रोनॉफ, अ‍ॅटवुड आणि हिंटन यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत १० ते १२ वर्षांच्या ७१ मुलांना भावना हाताळण्याची साधने एखाद्या हत्यारपेटीसारखी दाखवून दिली गेली, आणि ज्यांच्या पालकांनाही सोबत शिकवले त्या मुलांत अधिक सुधारणा दिसली.

स्वमग्न मुलांसाठी या पद्धतीत करायचे बदल प्रत्यक्षात कसे दिसतात, हे सातारा-सांगली पट्ट्यातील एका कल्पित मुलाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल: वय १०, रेल्वेचा अफाट नाद आणि गणेशोत्सवातील ढोल-ताशाची इतकी धास्ती की श्रावण सरताच शाळा बुडू लागते. अशा मुलाला चिंता शून्य ते दहा या आकड्यांत मोजायला सांगण्यापेक्षा रेल्वेचे सिग्नल द्यावेत: हिरवा म्हणजे निर्धास्त, दुहेरी पिवळा म्हणजे थोडी धाकधूक, पिवळा म्हणजे थांबण्याची तयारी आणि लाल म्हणजे आता पुढे जाणे नाही. भीतीच्या पायऱ्याही याच लोहमार्गावर मांडता येतात. साताऱ्याला आवाज बंद केलेली ढोलाची चित्रफीत, कोरेगावला तीच हळू आवाजात, कराडला दूरच्या गल्लीतून ऐकू येणारा सराव आणि सांगलीला कडेला उभे राहून पाहिलेली मिरवणूक. एकाच स्थानकावर अनेकदा थांबून सिग्नल खाली उतरल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नसते. विचार तपासण्यासाठी वेळापत्रकाचाच तक्ता उपयोगी पडतो: एका रकान्यात ‘काय होईल असे वाटले’ आणि शेजारी ‘प्रत्यक्ष काय झाले’.

मात्र आवड हे वाहन आहे, मुक्काम नव्हे. तासभर स्थानकांचीच चर्चा रंगली आणि घरी वागणुकीत काही फरक पडला नाही, तर उपचार रुळावरून घसरला असे समजावे. दुसरी चूक अधिक गंभीर असते: अनेक स्वमग्न मुलांना मोठा आवाज खरोखरच वेदनादायक असतो, त्यामुळे अनेक फेऱ्यांनंतरही सिग्नल उतरत नसेल आणि हात कानांवरून हटत नसतील, तर ती केवळ चिंता नाही; तेथे पायऱ्या चढवण्याचा हट्ट सोडून कानांवर आवाजरोधक साधन द्यावे आणि अंतर वाढवावे.

जेफ्री वुड व सहकाऱ्यांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ ते १३ वर्षांच्या १६७ स्वमग्न मुलांपैकी ज्यांना असा जुळवून घेतलेला उपचार मिळाला, त्यांची चिंता प्रमाणित उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांतील अशा उपचाराची शिफारस मात्र पुरेशी वाचिक व बौद्धिक क्षमता असलेल्या मुलांपुरतीच आहे. न बोलणाऱ्या मुलांसाठी ती नाही.