हातात पैसा येण्याआधीच कर

पुण्यातल्या एका नोंदणी न झालेल्या कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याला १,००० शेअर प्रत्येकी ५० रुपयांना घेण्याचा हक्क मिळाला, असं समजू. हक्क मिळाला तेव्हा कर नाही. त्याने तो वापरला, त्या दिवशी मर्चंट बँकरच्या मूल्यांकनानुसार एका शेअरची किंमत ४५० रुपये होती. मधला फरक ४०० रुपये, म्हणजे एकूण ४ लाख. प्राप्तिकर कायदा याला पगाराचाच भाग मानतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह १,२४,८०० रुपये कर होतो, आणि कंपनी तो टीडीएस म्हणून वसूल करते. शेअर विकायला बाजारच नसल्याने ही रक्कम बचतीतून जाते. हे मला फार जाचक वाटतं. काही पात्र स्टार्टअपमध्ये कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तो लगेच देय होतो.

पुढे शेअर ३०० रुपयांना विकावे लागले, तर खरेदीची किंमत ४५० धरून दीड लाखाचा भांडवली तोटा निघतो. तो पगारातून वजा होत नाही. फक्त भांडवली नफ्यातूनच, पुढची आठ वर्षं. म्हणून हक्क वापरण्याआधी कंपनीकडून ताजं मूल्यांकन लेखी मागून घ्यावं.