‘काम पूर्ण झाल्यावर’ म्हणजे नक्की कधी?

तर मंडळी, आज प्रपोजलमधला प्राइसिंगचा भाग. समजा, मिठाईच्या दुकानाची वेबसाइट करायची आहे. बरेच जण लिहितात, ‘वेबसाइट 80,000 रुपये. निम्मे ॲडव्हान्स, उरलेले काम पूर्ण झाल्यावर.’ दिसायला सुटसुटीत, पण भांडण इथूनच सुरू होतं. काम पूर्ण झालं हे ठरवणार कोण? क्लायंटने पेढ्यांचे फोटोच पाठवले नाहीत, तर साइट लाइव्ह जात नाही आणि तुमचे 40,000 लटकतात.

मग हेच पुन्हा लिहू या. 80,000 मध्ये काय मिळेल ते मोजता यावं: सहा पानं, ऑर्डरचा फॉर्म, डिझाइन दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. तिसरी फेरी तासाच्या दराने, आणि तो दर तिथेच लिहायचा. डोमेन, होस्टिंग, फोटोग्राफी यात नाही, ते क्लायंट थेट भरेल. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के धरून एकूण 94,400 आधीच दाखवा. हा आकडा थेट बिलात दिसला तर समोरचा चिडणारच ना!

आता हप्ते. सुरुवातीला 32,000, टेस्ट लिंक दिल्यावर 24,000, तिन्हींवर जीएसटी वेगळा. शेवटचे 24,000 मात्र ‘लाइव्ह’ला बांधू नका. असं लिहा: ‘साइट तयार असल्याचा मेल गेल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती कळवली नाही, तर काम मान्य धरून शेवटचा हप्ता देय होईल. फोटो आले नसतील तर तात्पुरते फोटो लावून साइट तयार मानली जाईल.’ यावर क्लायंट सात दिवसांचे दहा मागेल. द्या की!