पहिल्या मिनिटाचे घड्याळ आणि अ‍ॅपगारचे गुण

पोटातल्या बाळाची फुप्फुसे हवेने नव्हे, द्रवाने भरलेली असतात. त्याला लागणारा ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. नाळ बंद झाली की ही व्यवस्था काही क्षणांत उलटावी लागते. पहिल्या श्वासांबरोबर हवा आत शिरते, द्रव बाजूला सरतो, रक्तवाहिन्या उघडतात आणि फुप्फुसांतून रक्त वाहू लागते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांचे हे आपोआप होते. साधारण दहांतल्या एकाला पुसून, चोळून चालना द्यावी लागते आणि शंभरांतल्या सुमारे पाचांना बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. छाती दाबण्याची वेळ हजारांत एक ते तीन बाळांवरच येते.

नवजात बाळाचे हृदय मंदावते ते बहुधा हृदयविकारामुळे नव्हे, तर ऑक्सिजन न मिळाल्यामुळे. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते तेव्हा छाती दाबण्याला पहिले महत्त्व असते. बाळात ते महत्त्व श्वासाला आहे. फुप्फुसांत हवा नीट पोचली तर बहुतेक बाळांचे ठोके काही सेकंदांत वाढू लागतात. ते वाढले नाहीत तर आधी हवाच आत जात नसल्याचा संशय घ्यायचा. बालरोगशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मॅनिकिनसमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने एवढे मनात पक्के धरले, तर पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो ओघानेच येतो.

तयारी बाळाच्या आधी सुरू होते. प्रसूती करणाऱ्यांना चार प्रश्न विचारायचे असतात: गर्भ किती आठवड्यांचा आहे, गर्भजल स्वच्छ आहे का, आणखी काही धोका आहे का आणि नाळेचे काय करायचे ठरले आहे. मग वॉर्मर चालू करून कोरडी, गरम फडकी ठेवायची. सक्शन चालते का ते पाहायचे आणि बॅग तपासायची. मास्कचे तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबली की हाताला दाब जाणवला पाहिजे, जास्त दाबल्यावर सुरक्षा-झडप उघडली पाहिजे आणि सोडल्यावर बॅग पुन्हा फुगली पाहिजे. परीक्षेत ही तपासणी अनेकदा तोंडी उरकली जाते. प्रसूतिगृहात मात्र फाटकी बॅग बाळ टेबलावर आल्यावर कळणे परवडत नाही.

बाळ बाहेर येताच तीन गोष्टी पाहायच्या: बाळ पूर्ण दिवसांचे आहे का, अंगात ताण आहे का, ते रडते किंवा श्वास घेते आहे का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर बाळ आईच्या अंगावर द्यायचे आणि नाळ निदान मिनिटभर तशीच राहू द्यायची. एकही उत्तर ‘नाही’ आले तर सुरुवातीची पावले उचलायची. बाळाला ऊब द्यायची, पुसून कोरडे करायचे, ओली फडकी बाजूला काढायची, पाठीवर किंवा तळव्यांवर हलकेच चोळायचे आणि मान किंचित मागे कललेली, सरळ रेषेत ठेवायची. स्राव अडथळा आणत असेल तरच तो काढायचा, तोही आधी तोंडातून आणि मग नाकातून. हा क्रम उलटा झाला तर नाक साफ करताना बाळ हापसते आणि तोंडातला स्राव श्वासनळीत ओढला जातो. गर्भजलात बाळाची शी मिसळलेली असली, तरी निपचित बाळाच्या श्वासनळीत नळी घालून ती ओढून काढण्याची जुनी सक्ती 2015 पासून उरलेली नाही, कारण तेवढ्या वेळात श्वास द्यायला उशीर होतो.

हे सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटात संपायला हवे. त्यानंतरही बाळ श्वास घेत नसेल, अधूनमधून नुसता आचका देत असेल किंवा ठोके मिनिटाला 100च्या खाली असतील, तर मिनिट भरण्याआधी बॅगने श्वास देणे सुरू करायचे. यालाच ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. चोळत राहणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. ऑक्सिजनची टंचाई लांबली की बाळ अशा अवस्थेत जाते, जिथे कितीही चालना दिली तरी श्वास सुरू होत नाही. डोळ्यांनी पाहून ही अवस्था ओळखता येत नाही, म्हणून ती आलीच आहे असे धरून पुढे जायचे.

मास्कने नाक, तोंड आणि हनुवटीचे टोक झाकले पाहिजे, डोळे नाहीत. वेग मिनिटाला 40 ते 60 श्वास. ‘श्वास, दोन, तीन’ असे म्हणत दाबले की तो आपोआप सांभाळला जातो. 35 आठवडे किंवा त्याहून मोठ्या बाळाला सुरुवात साध्या हवेने, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजनने करायची. पंधरा सेकंदांनी सहकाऱ्याने स्टेथोस्कोपने ठोके ऐकायचे. सहा सेकंदांतले ठोके मोजून दहाने गुणले की मिनिटाचा आकडा मिळतो. ठोके वाढत नसतील तर लगेच छातीकडे पाहायचे. छाती हलत नसेल तर दुरुस्तीची पावले सुरू होतात. मास्क पुन्हा नीट बसवायचा आणि मान नीट करायची. तरी हलली नाही तर तोंड-नाक साफ करून तोंड किंचित उघडे ठेवायचे. त्यानेही भागले नाही तर दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा. शेवटचा उपाय म्हणजे श्वासनलिकेतली नळी किंवा स्वरयंत्रावर बसणारा मास्क. प्रत्येक टप्प्यानंतर काही श्वास देऊन छाती पाहायची.

एक उदाहरण घेऊ. 39 आठवड्यांचे, तीन किलोचे बाळ, गर्भजल हिरवट. जन्मताच अंग सैल, श्वास नाही. नाळ लगेच कापून त्याला वॉर्मरखाली आणले, पुसले, चोळले, मान सरळ केली. अर्ध्या मिनिटानंतर श्वास नाही, सहा सेकंदांत सात ठोके, म्हणजे मिनिटाला 70. पंचेचाळिसाव्या सेकंदाला बॅगने श्वास सुरू झाला आणि उजव्या हाताला ऑक्सिमीटर लावला. पंधरा सेकंदांनी ठोके 70च आणि छाती स्थिर. मास्क आणि मान नीट केली तरी फरक नाही. तोंडातला दाट स्राव काढून, तोंड किंचित उघडून मास्क बसवला आणि छाती उचलू लागली. पुढे अर्धा मिनिट छाती हलवणारे श्वास दिल्यावर ठोके 120 झाले. तिसऱ्या मिनिटाला ऑक्सिजनची पातळी 72 टक्के होती. निळसर बाळाच्या हातावर हा आकडा पाहून घाबरायला होते, पण त्या मिनिटाला 70 ते 75 हीच अपेक्षा असते. पाचव्या मिनिटाला ती 80 ते 85 असते, म्हणून ऑक्सिजन वाढवण्याची घाई केली नाही. चौथ्या मिनिटाला बाळ स्वतःहून, पण अडखळत श्वास घेऊ लागले.

छाती नीट हलत असताना अर्ध्या मिनिटानंतरही ठोके 60च्या खालीच राहिले असते, तर नळी घालून, ऑक्सिजन 100 टक्के करून छाती दाबावी लागली असती. दोन्ही अंगठे छातीच्या हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागावर, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, तीन दाबांमागे एक श्वास. एक मिनिटाने ठोके पाहायचे. तरीही 60च्या खाली असतील तर नाळेच्या शिरेतून अ‍ॅड्रेनॅलिन. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेले इंजेक्शन सलाइनने दहापट पातळ करायचे आणि किलोमागे 0.2 मिलिलिटर द्यायचे, म्हणजे या बाळाला 0.6 मिलिलिटर. पातळ न करता दिले तर डोस दहापट होतो.

या सगळ्याच्या बरोबरीने दुसरे घड्याळ चालू असते, अ‍ॅपगारचे. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी ही पद्धत 1952 मध्ये मांडली आणि 1953 मध्ये प्रसिद्ध केली. ठोके, श्वास, अंगातला ताण, चिमटा किंवा नळी लागल्यावरची प्रतिक्रिया आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके 100 किंवा जास्त असतील तर दोन, कमी असतील तर एक, नसतील तर शून्य. जोरात रडण्याला दोन, अडखळत्या श्वासाला एक. हातपाय नीट हलवण्याला दोन, थोडे दुमडलेले असतील तर एक. नाक खाजवल्यावर शिंकण्याला, रडण्याला दोन, नुसते तोंड वेडेवाकडे करण्याला एक. अंग गुलाबी पण हातपाय निळे असतील तर रंगाचा एकच गुण. निरोगी बाळांचेही हातपाय सुरुवातीला निळे असतात, म्हणून पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात. परीक्षेत सढळ हाताने दहा देणाऱ्याने बाळाकडे नीट पाहिलेले नाही, हे परीक्षकाला लगेच कळते.

आपल्या बाळाचे पहिल्या मिनिटाचे गुण असे: ठोके 70 म्हणून एक, बाकी सगळे शून्य, एकूण एक. पाचव्या मिनिटाला ठोक्यांचे दोन आणि श्वास, ताण, प्रतिक्रिया, रंग यांचा प्रत्येकी एक, एकूण सहा. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी गुण असतील तर विसाव्या मिनिटापर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचे असते. दहाव्या मिनिटाला हातपाय सोडून सारे ठीक होते: नऊ.

पहिला गुण मोजण्याच्या पंधरा सेकंद आधीच बॅग हातात होती, हे इथे लक्षात येते. श्वास द्यायचा की नाही, हे अ‍ॅपगारवरून ठरवायचे नसते. एका मिनिटाच्या गुणांची वाट पाहणाऱ्याचा गोल्डन मिनिट वाया जातो. गुण सांगतात ते बाळाची त्या क्षणाची अवस्था आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा आईला दिलेल्या औषधांमुळे गुंगलेले बाळ ऑक्सिजन पुरेसा असूनही कमी गुण मिळवते. त्यामुळे निव्वळ कमी आकड्यावरून जन्मतः गुदमरल्याचे निदान होत नाही, आणि पुढे मूल कसे वाढेल हेही एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. नोंद करताना गुणांशेजारी त्या मिनिटाला बॅग, ऑक्सिजन, नळी, छाती दाबणे यांपैकी काय चालू होते तेही लिहायचे, कारण बॅगवरचे सहा आणि स्वतःच्या श्वासावरचे सहा सारखे नसतात.

असे बाळ सावरल्यावरही त्याला नजरेआड करता येत नाही. शरीराचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, रक्तातली साखर पाहायची, श्वास आणि झटके यांवर लक्ष ठेवायचे. मेंदूला ऑक्सिजनच्या टंचाईचा मध्यम किंवा तीव्र फटका बसल्याची लक्षणे असतील आणि रुग्णालयात सोय असेल, तर शरीर थंड ठेवण्याचा उपचार जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. म्हणून बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही किंवा हातपाय ताठ करते, हे नर्सने पहिल्या काही तासांतच डॉक्टरांच्या कानावर घालायचे असते.